वाढदिवसांची महिनावार मोजणी : जानेवारी फुगतो, बेरीज जुळत नाही आणि जून खरोखरच मोठा निघतो

आमच्या भागातील ज्येष्ठ नागरिक संघात दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी त्या महिन्यात जन्मलेल्या सभासदांचा एकत्रित वाढदिवस साजरा होतो. प्रत्येकाला शाल आणि रोप द्यायचे असल्यामुळे कोणत्या महिन्यात किती जण आहेत हा आकडा वर्षाच्या सुरुवातीलाच लागतो. २१२ सभासदांची एक्सेलमधील यादी माझ्याकडे आली तेव्हा तिच्यात A स्तंभात नावे आणि B स्तंभात जन्मतारखा होत्या, आणि शेजारी बारा महिन्यांचा तयार तक्ताही होता. तरीही दरवर्षी जानेवारीत शाली उरत असत आणि इतर काही महिन्यांत ऐनवेळी दुकानात धावावे लागत असे. कार्यकारिणीची समजूत अशी होती की जानेवारीतले लोक थंडीमुळे येत नाहीत. प्रत्यक्षात ते लोक मुळात जानेवारीचे नव्हतेच.

तक्त्यात जानेवारीसमोर ३३ आणि बारा महिन्यांची बेरीज १९५ असे आकडे होते. उरलेल्या सतरा जणांनी जन्मतारीख दिली नसेल असे सगळ्यांनी गृहीत धरले होते, आणि योगायोगाने जन्मतारीख न दिलेले सभासद खरोखर सतराच होते, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. हे सतरा ते सतरा नव्हेत, हे कळायला मला एक संध्याकाळ लागली. हा घोटाळा जवळजवळ प्रत्येक जन्मतारखांच्या यादीत होतो आणि यादी दुरुस्त केल्यावरही नवीन नोंदींबरोबर परत येतो, म्हणून तो कसा ओळखावा आणि कसा काढावा हे इथे क्रमाने मांडतो.

आधी तक्ता कसा तयार झाला होता ते पाहू. पूर्वी यादी सांभाळणाऱ्या गृहस्थांनी प्रथम सर्वांना सुचते तेच सूत्र लिहून पाहिले असावे :

```
=COUNTIF(MONTH(B2:B213),1)
```

हे सूत्र एक्सेल स्वीकारतच नाही. COUNTIF ला पहिल्या जागी पत्रकातील प्रत्यक्ष पेशींचा पट्टा लागतो, आणि MONTH ने मनातल्या मनात काढलेली महिन्यांची माळ तिला चालत नाही. काहीजण मग `"*/01/*"` अशी खूण वापरून मोजू पाहतात. त्याचे उत्तर शून्य येते, कारण तारीख ही पेशीत मजकूर म्हणून नसून संख्या म्हणून साठवलेली असते. १ जानेवारी १९०० म्हणजे १, आणि तिथून पुढे रोज एक वाढवत गेले की १५ ऑगस्ट १९४७ साठी १७३९४ ही संख्या येते. डोळ्यांना दिसणारे दिवस, महिना आणि वर्ष हा त्या संख्येवर चढवलेला पोशाख आहे. त्यामुळे पेशीचे स्वरूप `mmm` करून सगळीकडे `Aug` दिसू लागले तरी आत १७३९४ च असते, आणि `"Aug"` मोजायला गेले तर तेही सापडत नाही. ही चूक इतक्या वेळा पाहिली आहे की ती वेगळी सांगणे आवश्यक वाटते.

चालणारे सूत्र SUMPRODUCT चे असते. D2 मध्ये महिन्याचा क्रमांक असेल तर ते असे दिसते :

```
=SUMPRODUCT(--(MONTH(B2:B213)=D2))
```

यादी स्वच्छ असेल तर हे सूत्र अचूक उत्तर देते. आमच्या यादीवर मात्र त्याने बाराही महिन्यांसमोर `#VALUE!` दाखवले, कारण पट्ट्यातील एका जरी पेशीतून MONTH ला तारीख काढता आली नाही तरी संपूर्ण बेरीज कोसळते. पट्टा B1 पासून घेतला आणि शीर्षकाचा शब्द त्यात आला, तरी हेच होते. त्या गृहस्थांनी यावर जो उपाय केला त्यात खरी गोम आहे. त्यांनी C स्तंभात प्रत्येक ओळीसमोर `=IFERROR(MONTH(B2),"")` लिहून ते खालपर्यंत ओढले आणि C स्तंभावर COUNTIF चालवले. त्रुटी दिसेनाशी झाली आणि तक्ता भरला. जिथे त्रुटी होती तिथे आता रिकामी जागा होती, आणि जिथे चूक होती पण त्रुटी दिसत नव्हती तिथे चूक तशीच राहिली. IFERROR ही आजाराचे नाव न विचारता दिलेली गोळी आहे, आणि मोजणीच्या कामात मी ती शक्यतो वापरत नाही.

दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी स्तंभात नेमके काय आहे याची शिरगणती करावी. त्यासाठी तीन छोटी सूत्रे पुरतात :

```
=COUNT(B2:B213)
=COUNTBLANK(B2:B213)
=SUMPRODUCT(--ISTEXT(B2:B213))
```

पहिले सूत्र संख्या असलेल्या पेशी मोजते, दुसरे रिकाम्या आणि तिसरे मजकूर असलेल्या. आमच्याकडे १५४, १७ आणि ४१ असे आकडे आले. त्यांची बेरीज २१२ भरते, म्हणजे कोणी निसटलेले नाही. यावरूनच एक गोष्ट उघड झाली : ज्यांना खरोखर तारीख म्हणता येईल अशा पेशी फार तर १५४ होत्या, तरीही तक्त्यात १९५ जणांचे महिने लागले होते. जास्तीचे ४१ कुठून आले याचा शोध घेताना सुरुवात सतरा रिकाम्या पेशींपासून झाली.

रिकामी पेशी MONTH च्या हाती दिली की एक्सेल तिला शून्य समजते. शून्य म्हणजे १ जानेवारी १९०० च्या आदला दिवस, आणि एक्सेल त्याला चक्क `00-01-1900` असे दाखवते, म्हणजे जानेवारीची शून्य तारीख. महिना विचारला तर उत्तर १ येते. म्हणून जन्मतारीख न देणारे सतरा सभासद जानेवारीत जन्मलेले ठरले, आणि प्रत्येक जानेवारीत सतरा शाली उरल्या. इथे एक गंमत आहे. हीच फाईल गूगल शीट्समध्ये किंवा लिब्रे-ऑफिसमध्ये उघडली तर जानेवारी बरा होतो आणि डिसेंबर फुगतो, कारण त्या दोन्ही ठिकाणी शून्य म्हणजे ३० डिसेंबर १८९९ असते. त्यामुळे कोणता महिना फुगला आहे यावरून तक्ता कोणत्या प्रणालीत तयार झाला हेही सांगता येते. उपाय एकच : महिना काढण्यापूर्वी पेशीत संख्या आहे का हे ISNUMBER ने विचारायचे.

तेवढ्याने मात्र भागत नाही. आमच्या १५४ संख्यांपैकी आठ पेशी अशा होत्या की त्यांत संख्या होती पण तारीख नव्हती. काही सभासदांना फक्त जन्मवर्ष ठाऊक होते आणि लिहून घेणाऱ्याने पेशीत नुसते `1949` असे टंकले होते. माणसाच्या दृष्टीने ते वर्ष आहे, पण एक्सेलच्या दृष्टीने ती एक संख्या आहे, आणि १ जानेवारी १९०० पासून मोजत गेले तर तो २ मे १९०५ हा दिवस येतो. हा प्रकार नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण तो काही ठरावीक महिन्यांतच गर्दी करतो. १९१८ ते १९४७ या वर्षांचे आकडे दिवस म्हणून वाचले तर सगळे एप्रिल १९०५ मध्ये पडतात, १९४८ ते १९७८ मे महिन्यात आणि १९७९ ते २००८ जूनमध्ये. म्हणजे ज्येष्ठांच्या यादीत वर्षच टंकलेले लोक एप्रिल-मेमध्ये साचतात, तर तरुणांच्या यादीत ते जूनमध्ये साचतात. आमच्याकडे तीन एप्रिलमध्ये होते आणि पाच मेमध्ये. पेशीचे स्वरूप साधे असेल तर ती `1949` च दाखवते आणि नजरेला पटकन सापडते, पण स्तंभाला तारखेचे स्वरूप दिलेले असेल तर तिथे `02-05-1905` दिसते आणि घाईत वाचणाऱ्याला ती तारीखच वाटते. ओळखण्याची खूण १९०५ हे वर्ष. तारखांचा स्तंभ चढत्या क्रमाने लावून पाहिला की हे सगळे सर्वांत वर एकत्र येऊन बसतात. मात्र क्रम लावण्याआधी फाईलची प्रत काढावी आणि नावांसह सगळे स्तंभ निवडलेले आहेत याची खात्री करावी. नाहीतर नावे जागेवर राहतात आणि तारखा सरकतात, आणि मग दुरुस्त करण्यासारखे काही उरत नाही.

आता ४१ मजकुरी पेशींकडे वळू. तारीख मजकूर म्हणून बसली आहे की संख्या म्हणून, हे ओळखण्याची एक जुनी खूण आहे. स्तंभाला डावे-उजवे संरेखन मुद्दाम दिलेले नसेल तर संख्या पेशीच्या उजव्या कडेला चिकटते आणि मजकूर डाव्या. स्तंभ थोडा रुंद करून वरून खाली नजर फिरवली की डावीकडे सरकलेल्या तारखा वेगळ्या दिसतात. आमच्याकडे अशा पेशींचे चार गट निघाले. बारा जणांच्या तारखा `12.03.1951` अशा टिंबांनी लिहिलेल्या होत्या. दोन तारखा पंचांगात आणि दिनदर्शिकेत कुठेही नसलेल्या होत्या : एक ३१ जून १९५० आणि दुसरी २९ फेब्रुवारी १९५१, जे लीप वर्ष नव्हते. तीन पेशींत तारखेऐवजी माहिती होती, त्यांपैकी एकीत `आषाढी एकादशी, 1946` असे लिहिले होते. या सतरा पेशींवर MONTH ने त्रुटी दिली आणि IFERROR ने ती झाकली. तक्त्यात न दिसणारे सतरा ते हे. रिकाम्या सतरा पेशी तर जानेवारीत मोजल्या गेल्याच होत्या.

चौथा गट चोवीस पेशींचा होता आणि तो दिसायला सर्वांत निरुपद्रवी होता. `25/08/1947`, `17/02/1953` अशा नीटनेटक्या तारखा, फक्त डावीकडे चिकटलेल्या. MONTH ला मजकूर दिला तर ती संगणकाच्या प्रादेशिक मांडणीनुसार तो वाचण्याचा प्रयत्न करते, आणि माझ्या संगणकावर भारतीय मांडणी असल्याने तिने या चोवीसही तारखा बरोबर वाचल्या. त्यांचे महिने बरोबर लागले. अमेरिकन मांडणीच्या संगणकावर याच पेशींनी त्रुटी दिली असती, कारण तिथे पहिला आकडा महिना मानला जातो आणि २५ वा महिना नसतो. एकच फाईल दोघांच्या घरी दोन उत्तरे देते ती याच कारणाने. पण बरोबर लागले आहेत तर मग त्यांची चिंता कशाला, असे मी त्या वेळी समजलो आणि पुढे गेलो. ती माझी चूक होती.

ती चूक एका आजींनी दाखवली. मे महिन्याची यादी वाचून दाखवत असताना त्या म्हणाल्या, "माझं नाव कशाला घेता? माझा वाढदिवस पाच नोव्हेंबरला असतो."

"यादीत तर अकरा मे आहे, काकू."

"यादीत असेल हो. मी जन्मले दिवाळीच्या दिवसांत."

पाच नोव्हेंबर, अकरा मे. ५/११ आणि ११/५. घरी येऊन मी त्यांची ओळ पाहिली, ती १६३ वी होती, आणि तिच्या आजूबाजूच्या ओळी पाहताना लक्षात आले की ते चोवीस डावीकडे चिकटलेले सभासद सगळे १५१ ते १९० या ओळींतच होते. चौकशी केली तेव्हा कळले की हे चाळीस सभासद एकाच शिबिरात नोंदवले गेले होते आणि त्यांची नोंद एका सभासदाच्या परदेशातून आलेल्या मुलाच्या लॅपटॉपवर केली होती. त्या लॅपटॉपवर अमेरिकन मांडणी होती. तिथे `25/08/1947` टंकले तर २५ वा महिना नसल्याने एक्सेलने ते मजकूर म्हणून ठेवले. पण `05/11/1948` टंकले तर त्याला ती अगदी वैध तारीख वाटली : पाचवा महिना, अकरावा दिवस. कोणतीही सूचना न देता ती ११ मे १९४८ ची संख्या होऊन बसली. टंकणाऱ्याला पडद्यावर आकडे त्याने टंकलेल्या क्रमानेच दिसले, म्हणून त्याला काही वावगे वाटले नाही. फाईल माझ्या संगणकावर आली आणि तीच संख्या भारतीय पद्धतीने दिसू लागली, तेव्हा ती `11-05-1948` झाली.

हा दोष सर्वांत घातक आहे, कारण यात कुठेही त्रुटी येत नाही, एकूण बेरीज जुळते आणि केवळ महिने अदलाबदल होतात. त्याची ओळख एकाच गोष्टीवरून पटते : ज्या गटात हा दोष शिरला आहे तिथे मजकूर असलेल्या सर्व तारखांचा दिवस तेरा किंवा त्याहून मोठा असतो, आणि संख्या झालेल्या सर्व तारखांचा दिवस बारा किंवा त्याहून लहान. स्वाभाविक यादीत असे कधी होत नाही. संशयित पट्ट्यावर हे सूत्र चालवून पाहावे :

```
=SUMPRODUCT(ISNUMBER(B151:B190)*(DAY(B151:B190)>12))
```

आमच्या चाळीस ओळींत सोळा संख्या होत्या. त्यांपैकी एकीचाही दिवस बारापेक्षा मोठा असणार नाही हे अपेक्षितच होते. पण हे सूत्र भारतीय मांडणीच्या संगणकावरच चालवावे, कारण अमेरिकन मांडणीत DAY मजकुरावर अडखळते आणि पुन्हा `#VALUE!` येते. उत्तर शून्य आले. यादीच्या उरलेल्या भागात मात्र बारापेक्षा मोठे दिवस भरपूर होते, म्हणजे तिथे हा रोग नव्हता.

आणखी एक खूण आहे, ती फक्त आपल्याकडच्या याद्यांत दिसते. त्या सोळा तारखांपैकी सहा जण ६ जानेवारीला जन्मलेले होते. सोळांपैकी सहा एकाच दिवशी, हे कोणालाही खटकावे. ही एक जूनची मंडळी होती. `01/06` उलटा वाचला की सहा जानेवारी होतो. ज्येष्ठांच्या यादीत ६ जानेवारीला गर्दी दिसली तर पुढचे काही तपासण्याआधीच दिवस-महिन्याची अदलाबदल झाली आहे असे धरून चालावे. जानेवारीच्या ३३ चा हिशेबही आता लागला : १७ रिकामे, ६ मूळचे जूनचे, एक मूळचा सप्टेंबरचा आणि अवघे ९ खरे.

अदलाबदल सोडवण्यासाठी मूळ स्तंभाला हात न लावता शेजारच्या C स्तंभात सुधारलेली तारीख काढावी. बाधित ओळींत, आणि फक्त बाधित ओळींत, हे सूत्र लिहावे :

```
=IF(ISNUMBER(B151),
 DATE(YEAR(B151),DAY(B151),MONTH(B151)),
 DATE(RIGHT(B151,4),MID(B151,4,2),LEFT(B151,2)))
```

पेशीत संख्या असेल तर ती उलटी लागलेली आहे, म्हणून DATE मध्ये महिन्याच्या जागी दिवस आणि दिवसाच्या जागी महिना दिला आहे. मजकूर असेल तर तो टंकला तसाच सुरक्षित आहे, म्हणून त्याची अक्षरे मोजून वर्ष, महिना आणि दिवस उचलले आहेत. हे उचलणे दोन आकडी दिवस आणि दोन आकडी महिन्यांवर अवलंबून आहे. `25/8/1947` असे लिहिलेले असेल तर MID चुकीचे अक्षर उचलेल, आणि शेवटी एखादी मोकळी जागा राहिली असेल तर RIGHT चुकेल. आमच्या सुदैवाने त्या मुलाने सगळीकडे दोन आकडे टंकले होते. मिश्र असेल तर चाळीस ओळी हाताने टंकणे सूत्र वाकवण्यापेक्षा लवकर होते, असे माझे मत आहे.

या सूत्राचा एक धोका लक्षात ठेवायला हवा. DATE अशक्य तारखा नाकारत नाही. तिला जूनची ३१ तारीख दिली तर ती निमूटपणे १ जुलै करते, आणि १९५१ सालची २९ फेब्रुवारी दिली तर १ मार्च. म्हणून अशक्य तारखा आधी बाजूला काढून त्या सभासदांना विचारावे आणि मगच हे सूत्र चालवावे. नाहीतर चुकीची तारीख बरोबर तारखेच्या वेषात परत येते. तसेच त्याच ओळींत नंतर कोणी भारतीय मांडणीच्या संगणकावर एखादी तारीख दुरुस्त केली असेल, तर हे सूत्र त्या बरोबर तारखेलाही उलटवेल. ते तपासण्याचा यंत्रापाशी मार्ग नाही. ते यादी हाताळणाऱ्या माणसालाच विचारावे लागते.

टिंबांच्या बारा तारखांचे काम सोपे होते. त्या तारखांच्या पेशी निवडून `Data` मधील `Text to Columns` उघडावे, पहिल्या दोन पायऱ्या तशाच सोडाव्यात आणि तिसऱ्या पायरीवर `Date` निवडून शेजारी `DMY` द्यावे. पेशी उजवीकडे सरकल्या की त्या संख्या झाल्या असे समजावे. यादीच्या उरलेल्या निर्दोष ओळींत C स्तंभात फक्त `=B2` लिहून तारीख पुढे आणली. इथे परत एक खाच आहे : रिकाम्या पेशीकडे बोट दाखवणारे `=B2` रिकामे राहत नाही, तर शून्य होते, आणि ISNUMBER त्याला संख्या मानते. म्हणजे दारातून घालवलेला जानेवारी खिडकीतून परत येतो. यासाठी D स्तंभात महिना काढताना केवळ संख्या आहे एवढे न पाहता ती तारीख जिवंत माणसाची असू शकते का हेही पाहिले :

```
=IF(ISNUMBER(C2),
 IF(C2>=DATE(1920,1,1),MONTH(C2),""),"")
```

१९२० ही मर्यादा आमच्या सभासदांच्या वयाला धरून ठेवली. तिच्यामुळे शून्यही गळते आणि १९०५ सालची खोटी माणसेही गळतात. नंतर F2 ते F13 मध्ये १ ते १२ आकडे लिहून G स्तंभात मोजणी केली, आणि तिच्याखाली दोन ओळी मुद्दाम जोडल्या :

```
=COUNTIF($D$2:$D$213,F2)
=SUM(G2:G13)
=COUNTA($A$2:$A$213)-SUM(G2:G13)
```

पहिले सूत्र G2 मध्ये लिहून G13 पर्यंत ओढायचे. शेवटच्या ओळीला मी "विचारायचे बाकी" असे नाव दिले आहे. आमच्याकडे बारा महिन्यांची बेरीज १८२ आली आणि विचारायचे बाकी ३० : सतरा रिकामे, आठ नुसत्या वर्षांचे, तीन तिथी किंवा तत्सम माहितीचे आणि दोन अशक्य तारखांचे. ही ओळ तक्त्यात नेहमी दिसत राहिली पाहिजे. मोजणीच्या पट्ट्यात नवीन नोंद चुकीच्या रूपात आली की बारा महिन्यांपैकी कोणताही आकडा न बिघडता हा एकच आकडा वाढतो, आणि कोणाकडे फोन करायचा हे D स्तंभातील मोकळ्या जागांवर गाळणी लावली की कळते. दिवस-महिन्याची अदलाबदल मात्र या ओळीत पकडली जात नाही. ती टाळण्यासाठी नोंदणीच्या वेळी तारीख `05-Nov-1948` अशी महिन्याच्या नावाने टंकण्याचा नियम केला आहे, कारण ती कोणत्याही मांडणीत उलटी वाचता येत नाही.

पिव्हट टेबलने हेच काम करणाऱ्यांसाठी थोडेसे. तारखांवर `Group` देऊन `Months` निवडले की सगळ्या वर्षांचे जानेवारी एकत्र येतात, पण `Years` निवडलेले राहिले तर प्रत्येक वर्षाचा जानेवारी वेगळा दिसतो. आणि `Cannot group that selection` असा संदेश आला तर स्तंभात मजकूर आहे असे समजून वरची शिरगणती करावी. गूगल शीट्समध्ये QUERY वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की तिथला `month()` शून्यापासून मोजतो, म्हणजे जानेवारी शून्य आणि डिसेंबर अकरा येतो. तिथे एक मिळवावा लागतो.

सगळी दुरुस्ती झाल्यावर जानेवारी ३३ वरून ११ वर आला, आणि जून ४२ वरून ५२ वर गेला. कार्यकारिणीने साहजिकच विचारले की आता जून का फुगला, अजून काही बिघडले आहे का. मलाही तसेच वाटले होते, म्हणून E स्तंभात `=IF(D2="","",DAY(C2))` लिहून दिवस काढला आणि एक जूनचे किती ते मोजले :

```
=COUNTIFS($D$2:$D$213,6,$E$2:$E$213,1)
```

उत्तर ३८ आले, आणि ते बरोबर आहे. त्या पिढीतील अनेकांचा जन्म घरी झाला, कुठे नोंद झाली नाही, आणि शाळेत नाव घालताना गुरुजींनी शाळा सुरू होण्याच्या महिन्याची पहिली तारीख, एक जून, रजिस्टरात लिहून टाकली. पुढे दाखल्यावर, नोकरीत आणि निवृत्तिवेतनाच्या कागदांवर तीच तारीख चालत आली. हा दोष सूत्राचा नाही आणि सूत्राने तो निघणारही नाही. खात्री करायची तर त्या अडतीस जणांची जन्मवर्षे पाहावीत. ती निरनिराळी आणि वयाला साजेशी असतील तर नोंद कागदोपत्री खरी आहे. आमच्याकडे वर्षे १९३९ पासून १९५८ पर्यंत पसरलेली होती.

शालींच्या हिशेबासाठी जूनचा आकडा ५२ च धरला आहे. मात्र तक्त्यात H स्तंभ वाढवून "घरात मानतात तो महिना" असे शीर्षक दिले आहे, आणि ज्यांना आपली तिथी आठवते त्यांचा महिना तिथे भरला जात आहे. आतापर्यंत अडतीसपैकी नऊ जणांनी तो सांगितला आहे, त्यांतले चार श्रावणातले आहेत, आणि श्रावण कधी जुलैत सुरू होतो तर कधी ऑगस्टमध्ये, त्यामुळे त्या चौघांसाठी दरवर्षी दिनदर्शिका पाहून महिना हातानेच लिहावा लागणार आहे.